नाताळच्या झाडासाठी लाह्या, बेदाणे, मोसंबी आणि बिस्किटांच्या माळा: न सादळता, न किडता ६ जानेवारीपर्यंत कशा टिकवायच्या

आम्ही मिरजेचे. घरात नाताळचं झाड दरवर्षी असतं. काही वर्षांपूर्वी चकचकीत गोळे आणि झिरमिळ्या बंद करून मी खाण्याच्या वस्तूंनी झाड सजवायला घेतलं. पहिल्या वर्षी २२ डिसेंबरला झाड फार सुंदर दिसत होतं. २५ तारखेला सकाळी बेदाण्यांवर लाल मुंग्यांची रांग होती, लाह्या चामट झाल्या होत्या आणि तीन बिस्किटं भोकापाशी तुटून खाली पडली होती. उरलेली बिस्किटं मी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पोटमाळ्यावर ठेवली. गणपतीत खोकं काढलं तेव्हा प्रत्येक बिस्किटाला टाचणीने टोचावीत तशी गोल भोकं होती, तळाशी तपकिरी भुकटी होती आणि तिच्यात बारीक तपकिरी किडे फिरत होते. तेच किडे नंतर हळदीच्या आणि धण्याच्या डब्यात निघाले.

त्यानंतर चार-पाच नाताळ करून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. सगळं मोजमाप चार फुटी झाडासाठी आहे. झाड कुंडीतलं असो, सुरूच्या फांदीचं असो किंवा प्लॅस्टिकचं, कृती तीच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर बेतलेली आहे. या वस्तू दोन कारणांनी खराब होतात. एक म्हणजे पाणी. लाही आणि बिस्किट हवेतली ओल ओढून घेतात, आणि शेजारच्या ओलसर वस्तूकडूनही घेतात. दुसरं म्हणजे कीड. ती झाडावर बाहेरून येतेच, पण पुष्कळदा ती बाजारातून आणलेल्या मालातच अंड्यांच्या रूपात बसलेली असते. या दोन्हींचा बंदोबस्त माळ ओवण्याआधी करायचा असतो, झाडावर चढवल्यावर फार थोडं हातात उरतं.

## काय काय लागेल

- पॉपकॉर्नचा मका १२५ ग्रॅम. जनावरांना घालायचा किंवा पिठाचा मका फुटत नाही. बारीक, टणक, चकचकीत दाणाच घ्या.
- बेदाणा १५० ग्रॅम, कोरडा.
- मोसंबी ४. पातळ आणि सैल सालीचं संत्र नको.
- बिस्किटांसाठी मैदा ३०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, लोणी किंवा तूप ६० ग्रॅम, सुंठपूड २ चहाचे चमचे, दालचिनीपूड १ चमचा, चिमूटभर लवंगपूड, चिमूटभर मीठ.
- गोधडी शिवायचा सुती दोरा, मेणबत्तीचा तुकडा, लवंगा आणि दालचिनीच्या काड्या.
- दोन सुया: एक साधी शिवणाची, लांबट, दुसरी थोडी जाड, फळांसाठी.
- घट्ट झाकणाचे डबे, एक काचेची बरणी, झाडाखाली ठेवायला मोठी परात.

दोऱ्याबद्दल दोन शब्द. गजऱ्याचा दोरा मऊ असतो, लाहीच्या टरफलावर घासून मध्येच तुटतो. नायलॉनचा दोरा निसरडा असल्यामुळे गाठ सुटते, आणि पुढे माळ बाहेर टाकली तर पक्ष्यांच्या पायांत अडकतो. गोधडीचा दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घेतला की तो ताठ होतो, लाहीतून सरकतो आणि गुंतत नाही.

## पायरी १: बेदाणा ४ दिवस फ्रीजरमध्ये (सुरुवात १२ डिसेंबरच्या सुमारास)

तासगाव जवळ असल्यामुळे आपल्याकडे बेदाणा सहज आणि चांगला मिळतो. पण तो तयार होतो उन्हाळ्याच्या तोंडाला, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. डिसेंबरात हाती येणारा बेदाणा शीतगृहात बरेच महिने राहून आलेला असतो किंवा दुकानाच्या पोत्यात उघडा पडलेला असतो. उघड्या पोत्यात पाखरू अंडी घालून जातं. ती डोळ्यांना दिसत नाहीत. घरात दोन-तीन आठवडे राहिल्यावर अळ्या बाहेर येतात आणि बेदाणे जाळी धरतात.

म्हणून बेदाणा घरी आणला की जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बांधा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सलग ४ दिवस ठेवा. कप्पा उणे १८ अंशांपर्यंत जाणारा हवा; नुसत्या फ्रीजच्या थंडीने अंडी मरत नाहीत. एकदारी जुन्या फ्रीजचा कप्पा तितका थंड होत नसेल तर शेजारी कुणाचा दोनदारी फ्रीज असेल त्यांना विचारा.

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. थंड बेदाण्यावर खोलीतली हवा लागली की त्याला घाम सुटतो, आणि आपण वाळवायला निघालेल्या वस्तूवर आपणच पाणी घालतो. पिशवी ओट्यावर चार-पाच तास तशीच राहू द्या, बाहेरचा घाम पुसून घ्या, मग उघडा. शीतगृहातून थेट आणलेल्या खोक्यालाही हाच नियम.

बेदाणा धुऊ नका. धूळ वाटली तर कोरड्या फडक्यात घालून चोळा. मूठभर दाबून सोडला तर दाणे सुटे झाले पाहिजेत. गोळा तसाच राहिला तर ताटात पसरून एक दिवस ऊन द्या.

याच चार दिवसांत मैद्याची पिशवीही बंद करून फ्रीजरमध्ये ठेवून देते मी. बिस्किटं भाजताना किडे मरतातच, पण उरलेला मैदा घरात राहतो.

## पायरी २: मोसंबीच्या चकत्या

मोसंबी आडवी कापायची, म्हणजे चाकासारखी नक्षी दिसते. चकतीची जाडी ५ मिलिमीटर, म्हणजे साधारण करंगळीच्या निम्मी. पातळ केली तर गर गळून पडतो, जाड केली तर मध्ये ओल राहते. बिया सुरीच्या टोकाने काढा आणि दोन फडक्यांत ठेवून रस टिपून घ्या.

ओव्हन असेल तर ९० ते १०० अंशांवर साडेतीन-चार तास, दर तासाने उलटून. ओव्हन नसेल तर डिसेंबरचं ऊन पुरतं, फक्त वेळ लागतो. चाळणीवर किंवा तारेच्या जाळीवर एकेक चकती मांडा, खालून हवा खेळली पाहिजे. वरून पातळ ओढणी बांधा. चार ते पाच दिवस लागतात. संध्याकाळी पाचला न चुकता आत घ्यायचं. आपल्याकडे रात्री दव पडतं, आणि दिवसभर गेलेलं पाणी एका रात्रीत परत येतं. आभाळ आलं आणि दोन दिवस ऊन नसेल तर वाट पाहू नका. चकत्या तव्यावर अगदी मंद आचेवर उलटसुलट करून कोरड्या करा, नाहीतर काळे ठिपके येतात.

वाळली की नाही हे रंगावरून ठरवू नका. चकती उजेडाकडे धरा. गर रंगीत काचेसारखा आरपार दिसला पाहिजे आणि मधल्या पांढऱ्या ठिपक्यापाशी बोट चिकटता कामा नये. मग खरी परीक्षा: सगळ्या चकत्या काचेच्या बरणीत भरून झाकण लावा आणि दोन-तीन दिवस ठेवा. काचेवर आतून जराही धुकं दिसलं तर आत पाणी आहे, पुन्हा एक दिवस ऊन द्या. बरणी कोरडी राहिली तर चकत्या तयार. ही बरणीची चाचणी सुरू केल्यापासून माझी एकही चकती बुरशीने गेलेली नाही.

उन्हात वाळवलेल्या चकत्याही नंतर ४ दिवस फ्रीजरमध्ये टाका. ओव्हनच्या उष्णतेने अंडी मरतात, डिसेंबरच्या उन्हाने मरतीलच असं नाही.

सफरचंदाच्या चकत्या करणार असाल तर लिंबाच्या पाण्यात बुडवून काढा म्हणजे काळ्या पडत नाहीत. मी करायच्या सोडल्या. त्या वाळल्या तरी चामट राहतात आणि ओल लवकर ओढतात.

## पायरी ३: बिस्किटं, आणि गूळ का नको

परदेशी पाककृतींत या बिस्किटांना सुंठ-दालचिनी आणि काकवीसारखा काळा पाक असतो. आपल्या भागात गूळ उत्तम मिळतो, म्हणून मी पहिल्या वर्षी काकवीऐवजी गूळ घातला. चवीला बिस्किटं फार छान झाली. झाडावर मात्र तिसऱ्या दिवशी मऊ पडली. गुळातली साखर हवेतलं पाणी ओढते. गुळाची ढेप पावसाळ्यात पाझरते ती याच गुणामुळे. टांगायच्या बिस्किटात म्हणून पिठीसाखर. गुळाची करायची असतील तर ती ताटात खायला ठेवा.

नानकटाईचं पीठही चालत नाही. तिच्यात तूप इतकं असतं की भोकापाशी आपोआप भुगा होतो. खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर यात घालू नका, कारण बिस्किट फुगलं की भोक बुजतं आणि आकार बिघडतो.

लोणी आणि साखर फेटून घ्या, मैदा, मसाले, मीठ मिसळा आणि साधारण पाऊण वाटी पाण्यातून लागेल तितकं घालत पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळा. दूध नको, पाणीच. अर्धा तास झाकून ठेवा. ५ मिलिमीटर जाड लाटून साच्याने किंवा वाटीने कापा. सहा सेंटिमीटरची २५ ते ३० बिस्किटं होतात. भोक कच्चं असतानाच पाडायचं, शीतपेयाच्या नळीने, काठापासून एक सेंटिमीटर आत. माझी जी तुटली त्यांची भोकं काठाच्या फार जवळ होती.

१६० अंशांवर २० मिनिटं भाजा. बाहेर काढल्याबरोबर, गरम असतानाच, नळीने भोक पुन्हा मोकळं करा. गार झाल्यावर भोक पाडायला गेलात तर बिस्किट चिरतं. मग सगळी बिस्किटं गार होऊ द्या आणि १०० अंशांवर पुन्हा ४० मिनिटं ठेवा. ही दुसरी भाजणी रंगासाठी नसून आतलं उरलेलं पाणी घालवण्यासाठी आहे. नीट झालेलं बिस्किट मोडताना कट्कन आवाज येतो. वाकून मग मोडलं तर अजून भाजायला हवं.

घरी ओव्हन नसेल तर जवळच्या बेकरीत विचारा. दिवाळीत नानकटाई भाजून देतात तसं पुष्कळ ठिकाणी नाताळातही देतात. मी पहिल्यांदा सकाळी अकराला ट्रे घेऊन गेले तर भट्टीवरचे काका म्हणाले, "ताई, आत्ता टाकली तर वरनं करपतील आणि आत कच्ची ऱ्हातील. पाव निघाल्यावर आणा." पाव काढून झाल्यावर भट्टी हळूहळू निवत असते. तेव्हा ट्रे आत गेला की पहिली भाजणी होते, आणि तोच ट्रे पुढे तासभर आत राहू दिला की दुसरीही होते. एक ट्रे आधी नमुना म्हणून द्या, प्रत्येक भट्टीचा ताव वेगळा असतो.

रंगीत साखरेची नक्षी काढायची तर पिठीसाखरेत लिंबाच्या रसाचे थेंब घालून घट्ट लेप करा, आणि पूर्ण एक दिवस उघड्यावर वाळू द्या. लेप वरून कडक पण आतून ओला असताना डब्यात भरला तर सगळी बिस्किटं सादळतात.

## पायरी ४: लाह्या फोडणे (२० डिसेंबर)

तेल, मीठ, लोणी, मसाला काही नाही. तेलाला आठवड्यात खवट वास येतो आणि मीठ ओल खेचतं. बाजारातली मसाल्याची पाकिटं यासाठी बाद.

जाड बुडाचं पातेलं मध्यम आचेवर तापवा आणि एका वेळी दोन मोठे चमचे मका टाका, जास्त नाही. तेल नसल्यामुळे पातेलं सतत हलवत राहावं लागतं. झाकण एका बाजूने काडीएवढं उघडं ठेवा. मका फुटताना आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. झाकण घट्ट असेल तर तीच वाफ लाह्यांवर बसते आणि त्या सुरुवातीपासून चामट होतात. १२५ ग्रॅमचे पाच घाणे होतात आणि साधारण तीन-साडेतीन लिटर लाह्या निघतात. गणंग आणि करपलेले बाजूला काढा.

फोडतानाची उष्णता इतकी असते की दाण्यात काही असेल तर ते तिथेच संपतं. म्हणून लाह्यांना फ्रीजरची गरज नाही. मक्याची उरलेली पिशवी मात्र बंद डब्यात ठेवा.

आता यातली एक उलटी वाटणारी गोष्ट. ताज्या लाह्या ओवायला घेऊ नका. सुई लागली की त्या फुटतात आणि निम्म्या वाया जातात. ताटात पसरून, वर पातळ फडकं टाकून रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत त्या किंचित सादळतात, आणि सुई करकर असा बारीक आवाज करत आरपार जाते. ओवून झाल्यावर आपण त्या पुन्हा कडक करणार आहोत.

## पायरी ५: ओवणे (२१ डिसेंबर)

लाही हातात घेऊन नीट बघा. एका बाजूला पांढरे फुगीर पाकळे असतात आणि मध्ये कुठेतरी तपकिरी टरफलाची टोपी. पाकळ्यातून सुई घातली तर पाकळा तुटून लाही पडते. टरफलातून घालायला गेलं तर सुई अडते आणि बोटाला लागते. टरफलाच्या अगदी शेजारचा जो भरीव भाग आहे, तिथून घाला. दहा-बारा लाह्यांत हाताला सवय होते. दाभण वापरू नका, लाही दुभंगते. ज्या सुईच्या नेढ्यातून दोरा जेमतेम जातो तीच घ्या.

दोरा सव्वा मीटर कापा आणि माळ एक मीटरची करा. टोकाला लवंग आडवी बांधली की ती गाठीचं काम करते, पहिली लाही निसटत नाही. एका मीटरला साधारण ८० लाह्या लागतात. चार फुटी झाडाला अशा सहा माळा पुरतात, म्हणजे ४८० लाह्या. १२५ ग्रॅम मक्यातून मोडतोड धरूनही त्या निघतात. सहा मीटरची एकच लांब माळ करायचा मोह टाळा. ती गुंतते, आणि एका ठिकाणी तुटली की सगळ्या लाह्या जमिनीवर. छोट्या माळा फांदीवर टोकाला टोक बांधता येतात आणि त्यातली एक बिघडली तर तेवढीच बदलता येते.

बेदाण्याबद्दलची माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच होती. पाच लाह्या, एक बेदाणा, पाच लाह्या, एक बेदाणा अशी माळ दिसायला सुरेख होती. पण बेदाणा कितीही वाळलेला असला तरी त्यात लाहीपेक्षा खूप जास्त ओल असते, आणि ती ओल चिकटून बसलेल्या लाहीत उतरते. तीन दिवसांनी प्रत्येक बेदाण्याच्या दोन्ही बाजूंच्या लाह्या पिवळसर आणि चिवट झाल्या होत्या, मधल्या मात्र चांगल्या होत्या. त्यावरूनच कारण कळलं. बेदाण्याची माळ वेगळी करा. मिसळायचाच असेल तर बेदाणा आणि लाही यांच्यामध्ये दालचिनीचा छोटा तुकडा घाला, म्हणजे ते एकमेकांना टेकत नाहीत.

बेदाण्याची माळ वजनाला लाह्यांच्या माळेच्या चार-पाच पट असते, त्यामुळे कुंडीतल्या कोवळ्या झाडाची फांदी वाकते. अर्ध्या मीटरच्या चार माळा करा आणि त्या खोडाजवळच्या जाड भागावर टांगा. ओवताना सुई चिकट होते. दर पाच-सहा दाण्यांनी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा. घरात कुत्रा असेल तर बेदाणा झाडावर लावूच नका. बेदाणा कुत्र्यांना विषारी आहे, त्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो.

लाह्यांच्या माळा ओवून झाल्या की दुपारी दोन तास उन्हात दोरीवर टांगा आणि शेजारी बसा, चिमण्या आणि खारी येतात. पुन्हा कडक झालेल्या लाह्या लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. मेण लावलेला दोरा असल्यामुळे ओव्हनमध्ये घालू नका, मेण वितळून लाहीत मुरतं.

## पायरी ६: झाड उभं करणे आणि मुंग्यांचा बंदोबस्त (२२ किंवा २३ डिसेंबर)

पूर्वी दुधाच्या आणि फराळाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तीच युक्ती. परातीत एक पालथी वाटी किंवा वीट ठेवा, तिच्यावर कुंडी किंवा झाडाचा बूड, आणि परातीत दोन बोटं पाणी. पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब टाका; नुसत्या पाण्यावरून हलक्या मुंग्या कधीकधी तरून जातात, साबण असला की बुडतात. दर तीन दिवसांनी पाणी बदला, डास व्हायला नकोत.

एवढं करूनही दुसऱ्या वर्षी मुंग्या आल्या. परात भरलेली, झाड भिंतीपासून लांब, तरी बेदाण्यांवर रांग. मी रांगेच्या मागे मागे गेले तर ती दिव्यांच्या माळेच्या वायरवरून येत होती, थेट भिंतीतल्या बटणापासून. तेव्हापासून झाडावर बॅटरीवर चालणारे दिवे लावते आणि बॅटरीची डबी झाडातच अडकवते. छताला बांधलेली पताका, पडद्याची कड, बाजूच्या खुर्चीची पाठ, हे सगळे मुंग्यांचे पूल आहेत. झाडाभोवती चारी बाजूंनी एक वीत जागा मोकळी हवी.

हळदीची रेघ थोडा वेळ मुंग्या अडवते, पण कुणाचा तरी पाय लागून पुसली जातेच. मुंग्यांचा खडू, फवारा आणि डांबराच्या गोळ्या खाण्याच्या वस्तूंजवळ अजिबात नकोत, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. मुलं झाडावरचं तोडून खाणारच.

बिस्किटं शक्य तितकी उशिरा, २४ तारखेला दुपारी टांगा, आणि जाड फांदीवर. खिडकीजवळ किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी झाड ठेवू नका. कुकरची वाफ थेट लाह्यांवर येते. झाडावर किंवा झाडाजवळ पेटती मेणबत्ती नको, सुकलेल्या सुरूच्या काड्या आणि लाह्या क्षणात पेट घेतात.

खाण्यासाठी त्याच घाण्यातली बिस्किटं आणि बेदाणे वेगळ्या डब्यात ठेवा. पाहुण्यांच्या पोरांनी हात पुढे केला की डब्यातलं द्या. झाडावरचं दोन दिवसांनंतर धुळीमुळे खाऊ नये असं मी घरात सांगून ठेवते.

## पायरी ७: टांगल्यावर रोज बघायचं काय

सकाळी एक फेरी पुरे. लाही बोटांत दाबा. चुरचुरली तर ठीक, स्पंजसारखी दबली तर ती माळ दुपारी उन्हात नेऊन आणा. अवकाळी पाऊस झाला किंवा दिवसभर ढगाळ राहिलं तर बिस्किटं काढून डब्यात ठेवा, हवा मोकळी झाली की परत टांगा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे आणि त्याने बिस्किटं वाचतात.

किडीच्या खुणा तीन: गोल बारीक भोक, फांदीखाली पडलेली पिठासारखी भुकटी, आणि बेदाण्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. यातलं काहीही दिसलं तर ती माळ पिशवीत बांधून घराबाहेर काढा, आणि झाडाखालची जमीन झाडून ती धूळही बाहेर टाका. माळ तशीच कचऱ्याच्या डब्यात ठेवली तर पाखरं स्वयंपाकघरात शिरतात. एकच माळ बिघडलेली असेल तर शेजारच्याही काढून बंद पिशवीत ४ दिवस फ्रीजरमध्ये ठेवा.

## पायरी ८: उतरवणे (६ जानेवारी)

प्रकटीकरणाच्या दिवशी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी बाळ येशूच्या दर्शनाला आले त्या सणाला, आम्ही झाड उतरवतो. लाह्यांच्या माळा जपून ठेवू नका. मार्चच्या उन्हाळ्यापर्यंत त्या कशाबशा राहतील, जूनच्या पावसात निश्चित जातील. दोरा पूर्ण काढून लाह्या पक्ष्यांना, कोंबड्यांना किंवा शेळीला घाला. दोऱ्यासकट बाहेरच्या झाडावर टांगू नका. बेदाणे कुत्र्यांच्या वाटेत पडणार नाहीत अशा जागी मातीत पुरा. बिस्किटंही संपवा. हळदीला लागणारा बारीक तपकिरी किडा तोच बिस्किटालाही लागतो, आणि आपल्या सांगली-मिरजेच्या घरांत हळदीचा डबा नसतो असं घर नाही. माझ्या पोटमाळ्यावरच्या खोक्यातून तो डब्यांत आला की डब्यांतून खोक्यात गेला हे सांगता येत नाही, पण दोघांनाही एकमेकांची सोबत मिळाली.

टिकतात त्या मोसंबीच्या चकत्या, दालचिनीच्या काड्या आणि लवंगा. चकत्या एक दिवस उन्हात ठेवा, पुन्हा बरणीची चाचणी घ्या, मग स्टीलच्या घट्ट डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून भरा. बूट किंवा औषधांच्या खोक्यात येणाऱ्या त्या छोट्या पांढऱ्या पुड्या जपून ठेवलेल्या असतील तर त्या चालतात, फक्त फाटलेल्या नकोत. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी फिरवा आणि डब्यावर तारीख लिहा. पावसाळाभर डबा उघडायचा नाही. दसऱ्याच्या सुमाराला उघडून एकेक चकती उजेडाकडे धरून बघा. रंग गडद तपकिरी झालेला असेल, त्याने काही बिघडत नाही. काळा किंवा हिरवट केसाळ ठिपका असेल तर ती चकती आणि तिला चिकटलेल्या शेजारच्या दोन टाका. बाकीच्या नोव्हेंबरअखेर ४ दिवस फ्रीजरमध्ये ठेवून त्या वर्षीच्या झाडाला लावा. माझ्याकडच्या काही चकत्यांचा हा तिसरा नाताळ आहे.